‘संलग्न दुवा’ म्हणजे काय

निवृत्तीनंतर मी स्वयंपाकघरातल्या यंत्रांविषयी फेसबुकवर लिहायचो. माझ्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की मला कमिशन मिळे. तसं सांगणं भाग होतं, म्हणून कणीक मळायच्या यंत्राखाली मी ‘अ‍ॅफिलिएट लिंक’चं जड मराठी करून लिहिलं, ‘हा संलग्न दुवा आहे.’ लोकांना वाटलं, दुवा सोबत जोडलाय. तसंच वाटावं, हीच माझी लबाडी होती.

बिबवेवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंनी ते यंत्र घेतलं. चार पोळ्यांची कणीक भांड्याच्या तळाशी नुसती गरगर फिरत राहिली. मी त्यांना ते परत करायला लावलं, त्यासरशी माझं कमिशनही परत गेलं. मग पोस्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं. एकट्यादुकट्याने घेऊ नये. अर्ध्या किलोपेक्षा कमी पीठ यात मळलं जात नाही. काकूंना हे आधी सांगितलं नाही, चुकलो.’

तासाभरात खाली काकूंची टिप्पणी आली: “अहो, मराठीत लिहिता येतं की तुम्हाला! लेकीकडे सहा माणसं आहेत, तिला लिंक पाठवलीये. कमिशन आलं की चहा तुमच्याकडे.”

आम्ही दोघं नवरा-बायको डोळ्यांतून पाणी येईतो हसलो. मग मी आधण ठेवलं.