एकशे अकरा हप्ते

ताईने बँकेत ठेवींच्या खिडकीवर चौतीस वर्षं काढली. लोकांचे पैसे सांभाळता सांभाळता स्वतःचे तीन लाख साठवले, मुदत ठेवीत टाकले आणि म्हातारपणासाठी म्हणून त्यांना हात लावला नाही. म्हातारपण येऊन बसलं, एकाहत्तर पूर्ण झाली, तरी लावला नाही. तिच्यापाशी दुसरं होतंच काय!

मग धाकटा भाऊ आला. घड्याळं दुरुस्त करणारा, सदुसष्ट वर्षांचा, बसायला एक स्टूल आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला दोन फरशा एवढं त्याचं दुकान. जागेच्या मालकाला तीन लाख अनामत हवी होती, नाहीतर महिनाअखेर दुकान रिकामं करायचं. बँकेने त्याचं वय विचारलं आणि हात वर केले.

"बँक घेते तेवढं व्याज घे, ताई. अकरा टक्के. फुकटचं नको मला."

ताईने चष्मा चढवला. "ठेवीवर मला सात मिळतात. महागाई सहाने वाढतेय, म्हणजे खरा फायदा जेमतेम एक टक्का. सातच्या खाली माझं नुकसान, आणि अकरा घ्यायचे तर बहीण कशाला हवी? मधले नऊ."

"दहा तरी घे."

"नऊ. भाव चढवून मागणारा कर्जदार पहिल्यांदाच बघतेय."

दोघंही हसली. हसण्यासारखं तेवढंच होतं.

"महिन्याला किती देशील?"

"चार हजार," तो म्हणाला. "त्याहून जास्त सांगितलं तर ते खोटं ठरेल. हल्ली घड्याळ कोण दुरुस्त करतं?"

ताईने पट्टीने रेघा मारल्या. पहिल्या महिन्याचं व्याज बावीसशे पन्नास. मुद्दलात जाणार साडेसतराशे. दुसऱ्या महिन्यात व्याज कमी झालं, पण तेरा रुपयांनी. ती लिहीत गेली. कागद संपला, दुसरा घेतला, मग तिसरा. एकशे अकराव्या हप्त्याला कर्ज फिटलं. दर दोघांनाही न्याय देणारा होता, हिशेबात पैशाची चूक नव्हती, आणि तिला रडू येत होतं.

भावाने शेवटची ओळ घड्याळ बघावं तशी डोळ्यांजवळ धरली. "नऊ वर्षं. मी शहात्तरचा होईन. तू ऐंशीची."

"हो."

"आणि मधेच मी गेलो तर?"

व्याज सोडून देते, हे शब्द ताईच्या ओठांवर आले होते. पण तोही हिशेब तिने मनात केव्हाच करून पाहिला होता. बिनव्याजी पंचाहत्तर हप्ते. सव्वासहा वर्षं.

"राहू दे," तो उठला. "मालकाला किल्ली देऊन टाकतो."

तिने त्याला थांबवलं नाही. तिला हायसं वाटलं. सख्खा भाऊ जिना उतरत होता, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आणि तिला हायसं वाटत होतं.