पिन केलेल्या प्रश्नाखालचं पहिलं उत्तर

हिंगोलीत शेतकरी बायकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी तीन वर्षं इन्स्टाग्रामचं पान सांभाळत होते. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक कुलर आणि सतत अडकणारा प्रिंटर. संस्था चालवणाऱ्या बाईंना आम्ही सगळे ताई म्हणायचो. त्या आधी शाळेत शिकवायच्या. म्हणून असेल, पण लिहिलेलं वाचताना त्यांच्या हातात अजूनही लाल पेन असायचा. मोबाईलवर लिहिलेलं असलं तरी मला ते छापून आणावं लागायचं.

सोयाबीनची मळणी सुरू व्हायच्या आधी आम्ही मळणी यंत्रावर आठ चित्रांची एक मालिका केली. बोटानं सरकवत एकेक चित्र बघायचं, तशी. पदर खोचा, केस बांधून वर रुमाल घ्या, बांगड्या काढा, अडकलेली पेंढी हातानं ढकलू नका, टॅक्टरपासून मशीनपर्यंतचा फिरता शाफ्ट ओलांडू नका, अडकलेलं काढायच्या आधी टॅक्टर बंद करा. आमच्या भागात दर हंगामात कोणाचं बोट, कोणाचा हात, कोणाचे केस जातात. चित्रं साधी होती, नीट कळत होती.

पण त्याआधीच्या पोस्टींचा अनुभव वाईट होता. खाली लोक हात जोडल्याची चित्रं टाकायचे, "छान माहिती" लिहायचे आणि पुढं जायचे. कोणी कोणाशी बोलायचं नाही.

ताई म्हणाल्या, "चित्रांत सगळं सांगून टाकलं की माणसाला बोलायला काय उरतं? चित्रात जे मावलं नाही ते कमेंटमधी लिही. ती वर पिन कर. अन् खाली पहिलं उत्तर आपलंच पायजे, म्हंजे लोकांना कळतं काय लिहायचं ते."

मी मसुदे करत बसले. पहिला होता, "तुम्हाला काय वाटतं, नक्की सांगा." ताईंनी त्यावर सरळ रेघ मारली. दुसऱ्यात मी विचारलं, "तुमच्या घरी असा अपघात झाला आहे का?" त्या म्हणाल्या, "ज्याच्या घरी झालाय तो चारचौघांत सांगल का? अन् ज्याच्या घरी न्हाई झाला तो 'नाही' लिहून निघून जाईल. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारू नको."

मग मी आठही चित्रं पुन्हा बघितली. सगळ्या सूचना यंत्रात पेंढी घालणाऱ्या बाईला होत्या. तिनं हे करावं, तिनं ते करू नये. पण मशीन टॅक्टरवर चालतं, आणि टॅक्टर बंद केल्याशिवाय ते थांबत नाही. तिचा हात आत असताना ती टॅक्टरपर्यंत कशी पोचणार? एकाही चित्रात टॅक्टरपाशी माणूस नव्हता. मी लिहिलं:

"चित्रांत आम्ही पेंढी घालणाऱ्या बाईबद्दल बोललो. पण मशीन थांबवणारा माणूस टॅक्टरपाशी असतो. तुमच्या शेतात मळणी चालू असताना टॅक्टर बंद करायला कोण उभं असतं?"

ताईंनी दोनदा वाचलं आणि पेनचं टोपण लावलं. "हे बराबर हाय. आता खालचं उत्तर. ते पानाच्या नावानं नको टाकू. माणसाच्या नावानं पायजे. तुझ्या खात्यावरून टाक."

ते मला सुचायला वेळ लागला नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या मावशीचा डावा हात कोपरापासून गेला होता. सेनगावकडच्या तिच्या गावात, सोयाबीनच्या मळणीत. अडकलेली पेंढी तिनं हातानं ढकलली होती. मी तेव्हा कॉलेजला होते. आई दवाखान्यातून परत आली तेव्हा एवढंच म्हणाली होती, "टॅक्टरवाला बांधावर फोनवर बोलत बसला व्हता." ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं. मी लिहिलं:

"आमच्याकडे कोणीच उभं नव्हतं. माझ्या मावशीचा हात मशीनमध्ये गेला तेव्हा टॅक्टरवाला बांधावर फोनवर बोलत होता. ती ओरडत होती, पण मशीनच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही. तो माणूस टॅक्टरपाशी असता तर आज तिला दोन हात असते."

ताईंनी वाचून कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मावशीला विचारलंस का?"

"व्हय," मी म्हणाले. "तिची काही हरकत न्हाई."

मी विचारलं नव्हतं. फोन करावा असं एकदा वाटलं होतं. पण ती कदाचित नको म्हणेल असंही वाटलं, आणि उत्तर तर चांगलं जमलं होतं. खरं सांगायचं तर त्या वेळी मावशीपेक्षा ते उत्तर मला जास्त जवळचं होतं.

सकाळी अकराला पोस्ट टाकली. पानावरून प्रश्न टाकून तो पिन केला आणि लगेच त्याखाली माझ्या खात्यावरून उत्तर टाकलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत लोक लिहायला लागले. शिरड शहापूरच्या एका बाईनं लिहिलं, की त्यांच्याकडे टॅक्टर चालू करून ड्रायव्हर झाडाखाली झोपतो. एकानं लिहिलं, बहिणीच्या तीन बोटांबद्दल. एका मुलीनं फक्त "माझी आई" एवढंच लिहिलं. दुसऱ्या एका बाईनं तिला विचारलं, काय झालं बाळा. मग त्या दोघी तिथंच बोलत राहिल्या. हात जोडल्याचं एकही चित्र नव्हतं. ताईंनी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला. असं त्या कधी करत नसत.

चारच्या सुमारास माझ्या उत्तराला उद्देशून एक ओळ आली. खातं ओळखीचं नव्हतं. "टॅक्टरवाला कोण होता ते पण लिहा की. घरातलाच होता ना."

मला काही कळलं नाही. मी आईला फोन लावला.

ती ओळ वाचून दाखवली. आई म्हणाली, "तुला म्हाईत न्हाई का? तुझा मावसाच व्हता की टॅक्टरवर."

मावसा, म्हणजे मावशीचा नवरा, दुसऱ्यांचे टॅक्टर चालवायचा. हंगामात गावोगाव मळणीला जायचा. हे मला माहीत होतं. त्या दिवशी स्वतःच्या शेतात तोच टॅक्टरवर होता, हे घरातल्या मोठ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलायचं नाही. मावशी विचारणाऱ्याला सांगायची, माझाच हात चुकला. सहा वर्षं तिनं तेच सांगितलं होतं. मला वाटायचं ती साधी आहे म्हणून दोष स्वतःवर घेते.

मी लगेच उत्तर काढून टाकलं. पण प्रश्नाखालची बाकीची उत्तरं जागेवरच राहिली, आणि त्यातली निम्मी मला उद्देशून होती. "ताई, त्या ड्रायव्हरला शिक्षा झाली का?" "असल्या माणसाला टॅक्टर देऊच नये." आता ती कोणाबद्दल आहेत हे नवख्या माणसाला कळलं नसतं. मावशीच्या गावात मात्र कळायचं काही बाकी नव्हतं. माझ्या उत्तराचा फोटो कोणीतरी आधीच गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता.

ताईंना मी खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी विचारलं तवाच तुझ्या तोंडाकडं बघायला पायजे व्हतं." मग त्या म्हणाल्या, "प्रश्न काढून टाकला तर त्या पोरीचं, तिच्या आईचं, सगळंच पुसलं जाईल." आम्ही प्रश्न ठेवला. ज्यांत ड्रायव्हरला शिव्या होत्या तेवढी उत्तरं एकेक करून काढली.

त्या हंगामात मावशाला मळणीला कोणी बोलावलं नाही. कोणी भांडलं नाही, की तोंडावर काही बोललं नाही. फक्त फोन यायचे बंद झाले. दिवाळीनंतर तो वाशिमकडं एका गोदामावर रखवालदार म्हणून गेला. महिना-दीड महिन्यानं घरी येतो, दोन दिवस राहतो.

मी मावशीकडं गेले ते त्यानंतर. जायला मी उशीर केला, हेही लिहायला हवं. ती अंगणात बसून एका हातानं तूर पाखडत होती. सुपाची एक बाजू दोन गुडघ्यांमध्ये धरायची सवय तिनं लावून घेतली होती. तिनं मला पाणी आणायला सांगितलं, बस म्हणाली. मी माफी मागितली, तर ती पाखडतच राहिली.

थोड्या वेळानं म्हणाली, "काहून लिहिलं मग, न विचारता?"

"लोकांनी बोलावं म्हणून."

"बोलले की." तिनं सूप खाली ठेवलं. "त्यो दवाखान्यात रोज माझ्या पायापाशी बसायचा. बोलायचा न्हाई. घरी आल्यावर मी त्याला म्हणलं, मी कोणाला सांगणार न्हाई, तू बी सांगू नको. त्याच्यावर आमचं सहा वर्ष चाललं. तुला म्हाईत नव्हतं, मला कळतंय. पण तू इचारलं असतं तर मी न्हाईच म्हणले असते."

"म्हणूनच विचारलं नाही," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, जणू हे तिला आधीच माहीत होतं.

मग तिनं विचारलं, बाकी लोकांनी काय लिहिलंय. तिला वाचता येत होतं, पण मोबाईलवरचं बारीक दिसायचं नाही. मी पहिल्यापासून वाचून दाखवलं. झाडाखाली झोपणारा ड्रायव्हर, तीन बोटं, ती मुलगी आणि तिची आई. कोणाचा भाऊ जवळच होता, कोणाचा सासरा. मी मधेच थांबले की ती म्हणायची, "वाच." सगळं वाचायला बराच वेळ लागला.

"समद्यांच्या घरचाच मानूस व्हता की जवळ," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.

"त्याला वाचून दाखवलं असतं हे. पण आता त्यो ऐकायला बसत न्हाई."

संध्याकाळची एसटी चुकू नये म्हणून मी उठले. तिनं तुरीची एक पिशवी दिली. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी ते काम सोडलं. प्रश्न अजून तिथंच पिन केलेला आहे. मळणीच्या दिवसांत लोक अजून त्याखाली लिहितात, असं ताई सांगतात. मावसा अजून वाशिमकडंच आहे. आईच्या घरी कार्यक्रम असला तर मावशी एकटी येते, आणि मी स्वयंपाकघरात असले तर ती बाहेरच बसते.