दोनाचा शब्द

मी नागपुरात एम.ए.च्या मुलांना भाषाविज्ञान शिकवते. माझा डावा हात कोपराखाली नीट वळत नाही. त्यात हाडाला धातूची पट्टी बसवलेली आहे. ती का घातली ते लोक विचारतात आणि मी 'अपघात' म्हणून विषय बदलते, कारण खरं सांगायचं तर भाषाकुळांपासून सुरुवात करावी लागते.

त्या दिवशी वर्गात मी फळ्याचे दोन भाग केले होते. एका बाजूला मराठी, हिंदी, फारसी, रशियन. दोन, दो, दो, द्वा. तीन, तीन, से, त्री. माग काढत मागं गेलं की या सगळ्या एका जुन्या भाषेच्या लेकी निघतात, हे इंडो-युरोपीय कुळ; मराठी-हिंदी त्याच्या आर्य शाखेतल्या. दुसऱ्या बाजूला द्रविड कुळ. तिथं तेलुगू लिहिली : रेंडु, मूडु, नालुगु. मग खडू मी एका विद्यार्थिनीच्या हातात दिला. ती गडचिरोलीकडची, घरात गोंडी बोलणारी, वर्गातली सगळ्यात तयारीची मुलगी. तिनं तेलुगूच्या शेजारी आपल्या भाषेतले आकडे लिहिले : रंड, मूंद, नालुंग. जुळणी इतकी स्वच्छ होती की पुढच्या बाकावरची मुलं पुढं वाकली.

मागून एकानं विचारलं, "मॅडम, हे दोनाले रंड म्हनतात? मग यायच्या घरी दोन बाया आल्या तर काय म्हनत असतीन?"

मराठी कानाला तो शब्द कसा ऐकू येतो ते कुणालाच सांगावं लागलं नाही. वर्ग हसला. मुलगी खडू हातात तसाच धरून मागच्या बाकापर्यंत गेली आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. हसू थांबलं. तो उठला, तिचं मनगट धरून पिरगाळलं आणि तिला बाकावर आदळलं. बाक उलटलं. मी मध्ये पडले तेव्हा त्याची मूठ माझ्या खांद्यावर बसली. ती मला मारायची नव्हती, पण बसली. दोघा मुलांनी त्याला मागून कवेत धरून बाहेर ओढलं. जाता जाता तो ओरडत होता, "जंगली सायचे! तुमचं रक्तच वेगळं हाय. फळ्यावरच लिवलं हाय ना! आमी आर्य, तुमी ते द्रविड!"

मी विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, उद्या दोघांना बोलावू. उद्या यायच्या आधी संध्याकाळ आली.

तिचा मोठा भाऊ हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. शिफ्ट सुटली की मोटरसायकलवरून बहिणीला घ्यायला यायचा. हेल्मेट काढून तो फाटकापाशी उभा होता. मी आणि ती चालत येत होतो. तेवढ्यात तीन गाड्या आल्या. वर्गातला तो मुलगा मधल्या गाडीवर मागे बसलेला होता, आणि त्याच्या हातात नळाचा लोखंडी तुकडा होता.

"हाच काय बे तिचा भाऊ?" त्यांच्यातल्या एकानं विचारलं.

भाऊ म्हणाला, "काहून? काय झालं?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. पहिला फटका त्याच्या गुडघ्यावर बसला. तो खाली बसला तेव्हा दुसऱ्यानं त्याच्या तोंडावर लाथ मारली. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो लाकडासारखा नसतो, ओला असतो. बहीण किंचाळत धावली. एकानं तिचे केस धरून तिला डांबरावर फरफटवलं. मी त्या नळाच्या आड हात घातला. तो फटका भावाच्या डोक्यावर यायचा होता, माझ्या हातावर आला. दुखलं नाही. फक्त बोटं उघडत नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर भाऊ कुशीवर पडला होता आणि तेच टोक पुन्हा त्याच्या चेहऱ्यावर उतरलं, डोळ्यावर. चहाच्या टपरीवरचा माणूस उकळत्या चहाचं भांडं घेऊन धावला आणि त्यानं ते त्यांच्यावर फेकलं. तेव्हा ते पळाले. पळताना एक जण "आर्यपुत्र" असं काहीसं ओरडला. मागून कोणीतरी हसलं.

मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात रात्रभर माणसं जमत राहिली. भावाचा उजवा डोळा गेला. डॉक्टर सकाळी सांगायला आले तेव्हा त्याची बायको, सातवा महिना चालू असलेली, भिंतीला टेकून उभी होती. ती ओटीपोटाला हात लावून हळूहळू खाली बसली.

बहीण माझ्याकडं आली. तिच्या गालाची साल निघाली होती, हाताला टाके होते. तिच्यामागं काही तरुण होते, तिच्याच समाजाचे, संतापलेले, आणि त्यांचा संताप मला रास्त वाटत होता.

"मॅडम, तुमी लिवून द्या," ती म्हणाली. "आर्य वंशाच्या लोकायनं द्रविड वंशाच्या मानसावर हल्ला केला. तुमी भाषेच्या प्रोफेसर हा. तुमचं लोक ऐकतीन."

"हल्ला कोणी केला, कशानं केला, काय बोलून केला, सगळं लिहीन. नावानिशी," मी म्हणाले. "वंशाचं नाही लिहिणार."

"काहून?"

"कारण ते खोटं आहे. तू आणि तो दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा बोलता. तेवढंच फळ्यावर होतं. भाषेचं कुळ म्हणजे भाषांचं नातं. माणसांचं नव्हे."

"माझ्या भावाचा डोळा गेला. अन् तुमी मले शिकवून राहिल्या?"

"माझी आई तेलुगू बोलणाऱ्या घरातली," मी म्हणाले. "बल्लारपूरची. मला तेलुगूत पाणीसुद्धा मागता येत नाही. मग माझं रक्त कुठल्या बाजूचं?"

तिनं मला दोन्ही हातांनी ढकललं. प्लास्टर घातलेला हात भिंतीवर आपटला आणि मला अंधारी आली. "तुमी त्यायच्याच," ती म्हणाली. तिच्या मागच्या एका तरुणानं तिला आवरलं. ती त्याच्याही अंगावर गेली. मग व्हरांड्यात जाऊन ओकली.

त्यानंतर मला दोन्हीकडून फोन येऊ लागले. एका बाजूनं, आर्यांना आक्रमक ठरवता म्हणून. दुसऱ्या बाजूनं, आर्यांना पाठीशी घालता म्हणून. मनीषनगरातल्या माझ्या घरावर कोणीतरी वीट फेकली. काच माझ्या सासूबाईंच्या अंगावर पडली. कुठल्या बाजूची वीट होती ते आम्हाला कधीच कळलं नाही.

गुन्हा गंभीर दुखापतीचा दाखल झाला, ॲट्रॉसिटीचं कलमही लागलं. साक्षीला उभी राहिले तेव्हा आरोपीच्या वकिलांनी त्या फळ्याचा फोटो पुढं केला. वर्गातल्याच कुणीतरी मोबाइलवर काढला होता.

"मॅडम, हे अक्षर तुमचं?"

"हो."

"इथं 'कुळ' लिहिलंय. कुळ म्हणजे वंश. म्हणजे हे दोन वेगळे वंश आहेत, हे तुम्हीच शिकवलंत. पोरांची डोकी तुमच्या शिकवण्यानं भडकली, बरोबर?"

मी न्यायाधीशांकडं पाहून सांगितलं. "कुळ हा शब्द आपण घरातल्या माणसांसाठी वापरतो, म्हणून घोटाळा होतो. जन्मानं मिळतं ते रक्त. भाषा मिळते आजूबाजूच्या तोंडांतून. मूल ज्या घरात वाढतं त्याची भाषा उचलतं, मग ते पोटचं असो वा दत्तक. बलुचिस्तानात ब्राहुई बोलणारे लोक आहेत. त्यांची भाषा द्रविड कुळातली. त्यांच्या शेजारचे बलुची इराणी शाखेची, म्हणजे आपल्याच इंडो-युरोपीय कुळातली भाषा बोलतात. रक्त तपासलं तर दोघं एकमेकांसारखे. ब्राहुई लोक दूरच्या तमिळ बोलणाऱ्यांपेक्षा आपल्या शेजाऱ्यांच्या जवळचे."

"पण आर्य बाहेरून आले, हे तर खरं?"

"त्या भाषा बोलणारी माणसं आली, हे बहुतेक अभ्यासक मानतात. पण आलेली आणि आधी असलेली माणसं मिसळली, पिढ्यानपिढ्या. या देशात सगळ्यांत ती सरमिसळ आहे, कुठं एकाचा वाटा जास्त, कुठं दुसऱ्याचा. भाषेची रेघ ओढली म्हणून रक्ताची रेघ तिथंच पडत नाही. 'आर्य' हा शब्द आम्ही भाषेच्या शाखेसाठी वापरतो. त्या शब्दानं डोळा फोडायचा अधिकार मिळत नाही."

शेवटचं वाक्य न्यायाधीशांनी नोंदवू दिलं नाही. ते बरोबरच होतं.

मग ती मुलगी साक्षीला उभी राहिली. वकिलांनी तिलाही तेच विचारलं : "तुम्ही स्वतःला वेगळ्या रक्ताचे समजता म्हणूनच पहिला हात उचललात ना?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"रक्ताचं मले माहीत नाही," ती म्हणाली. "त्यानं माझ्या भाषेची घाण केली म्हनून मी त्याले मारलं. ते माझं. त्याची शिक्षा मले द्या. माझ्या भावानं काय केलं होतं? त्याले त्यायनं पायलंही नव्हतं आधी."

शिक्षा झाली. वर्गातल्या त्या मुलाला आणि लाथ मारणाऱ्याला तुरुंगवास, बाकीचे सुटले. निकाल ऐकताना त्या मुलाचे वडील माझ्या मागच्या रांगेत बसले होते. ते रडत होते. त्यांच्याकडं बघण्याची मला इच्छा नव्हती, तरी मी बघितलं.

तिनं एम.ए. पूर्ण केलं. माझ्याकडं मार्गदर्शनाला मात्र आली नाही, दुसऱ्या विद्यापीठात गेली. बोलणं पुन्हा सुरू व्हायला काळ गेला. आता ती गावोगाव फिरून गोंडीतल्या गोष्टी रेकॉर्ड करते आणि एखादा शब्द अडला की मला फोन करते. माफी तिनं मागितली नाही, मीही नाही. त्याची गरज कुठल्याच बाजूनं वाटली नाही.

परवा तिच्या भावाकडं गेले होते. तो आता कारखान्यात नाही, कोराडी रस्त्याला दुकान चालवतो. काच बसवलेला डोळा उघडाच राहतो. त्याची मुलगी चुणचुणीत आहे, हॉस्पिटलातल्या त्या सकाळी ती आईच्या पोटात होती. तिच्या आत्यानं, माझ्या त्या विद्यार्थिनीनं, तिला गोंडीत हाक मारली. मुलीनं वर पाहिलं नाही.

"दादा तिले गोंडीत बोलूच नाही देत घरात," आत्या मला हळू म्हणाली. "वहिनीलेही नाही. बाहेर लोकायनं ऐकू नये म्हनते."

भाऊ ऐकत होता. तो म्हणाला, "मॅडम, मले बाहेर कोनी गोंडी बोलताना ऐकलं तर माझा हात आपोआप चेहऱ्यावर जातो. पोरीले तो हात नको."

एका घरानं एका पिढीत भाषेचं कुळ बदललं होतं. हाडं, रंग, आजोबांचं नाक, सगळं जसंच्या तसं. मुलगी माझ्या ओढणीला लोंबकळून आईला म्हणत होती, "मले पानी दे ना वं." तिच्या आईनं उठून पेला भरला, आणि तिच्या तोंडून येऊ घातलेला गोंडी शब्द ओठांवर थांबताना मी पाहिला.