चार्टची घडी

आमच्या विभागप्रमुखांचा आणि माझा पहिल्या आठवड्यापासूनच छत्तीसचा आकडा. मी बिदरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राची गेस्ट लेक्चरर. म्हणजे दरवर्षी नेमणूक नव्यानं, आणि शिफारस यांची. मला ते 'अक्का' म्हणायचे. आमच्याकडं अक्का मायेनं म्हणतात. यांच्या तोंडून ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या वर्षी मला परत घ्यायचं का, हे ठरवायला प्राचार्य माझ्या तासाला बसणार होते. नाही म्हटलं की बिदरातली मैलूरची भाड्याची खोली सोडून गावी मंठाळला जायचं आणि अप्पांच्या खताच्या दुकानात पोती मोजायची. भूगर्भशास्त्र शिकवणारी कॉलेजं आमच्या भागात आहेत तरी किती?

विषय प्रमुखांनीच दिला, समुद्रतळावरचे चुंबकीय पट्टे. वर हुकूम, "माझाच चार्ट लावायचा." तो त्यांनी स्वतः मांजरपाटावर रंगवलेला, खाली झोकदार सही. डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत काळा-पांढरा, काळा-पांढरा, रस्त्याकडेचे दगड रंगवतात तसा. मग मधोमध लाल रेघ ओढलेली. ही म्हणे समुद्राखालची डोंगररांग.

मी आदल्या दिवशीच सांगितलं, "सर, रेघेच्या डावीकडं काळा आणि उजवीकडं पांढरा आलाय. दोन्हीकडं एकच पाहिजे."

"पट्टे एकाआड एक असतेत. शाळेतलं पोरगंबी सांगंल. कामून डोकं खायलाव, अक्का?"

घेतला चार्ट गुंडाळून. काय करणार, नेमणूक त्यांच्या हातात.

तासाला प्राचार्य पहिल्या बाकावर, प्रमुख मागं भिंतीला टेकून. मी सुरू केलं. आपल्या विहिरी खोदताना लागतो तसलाच काळा दगड समुद्राच्या तळाशी आहे. त्या डोंगररांगेच्या फटीतून तप्त रस वर येतो आणि थिजतो. थंड होताना त्यातल्या लोहखनिजावर पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या वेळची दिशा उमटते, आणि दगडात तशीच राहते. पुढं पुन्हा रस येतो, आधीचा दगड मधून दुभंगतो, अर्धा इकडं सरकतो, अर्धा तिकडं. मधल्या काळात पृथ्वीचं चुंबकत्वच उलटलं असलं, तर नवा दगड उलटी दिशा घेतो. जहाजामागं चुंबकमापक ओढत नेला की हे पट्टे कळतात, डोळ्यांना दिसत नाहीत. काळा म्हणजे आजच्यासारखी दिशा, पांढरा म्हणजे उलटी. पट्ट्यांची रुंदी कमीजास्त असते, कारण ही उलटापालट काही ठरल्या वेळी होत नाही.

समोरची एक मुलगी उठली. "मॅडम, मधून निघालेला दगड दोन्हीकडं एकाच वेळचा, व्हय ना? मग इथं एकीकडं काळा, एकीकडं पांढरा कसा?"

मागून आवाज आला, "चार्ट बरोबर हाय. पुढं चला."

मी पुढं जाऊ शकले असते. पण त्या पोरीकडं बघून खोटं बोलवेना, आणि खरं सांगायचं तर वर्षभराचा रागही उफाळून आला. मी चार्ट खिळ्यावरून काढला, लाल रेघेवर बरोबर घडी घातली आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"तळ दोन्हीकडं सारखाच पसरलाय ना? मग घडीत काळ्यावर काळा यायला पाहिजे आणि पांढऱ्यातून उजेड दिसायला पाहिजे. दिसायलाय का?"

नव्हताच दिसत. प्रत्येक काळ्यावर पांढरा आलेला, सगळं कापड सारखंच काळंभोर. वर्ग खो खो हसला. प्राचार्य घड्याळ बघत उठले. प्रमुखांचा चेहरा लालबुंद झालेला बघून मला बरं वाटलं. का वाटू नये?

माझी शिफारस झाली नाही. कारण दिलं, विभागाच्या मालमत्तेचं नुकसान, चार्टला घडी पाडली. शिकवण्याबद्दल चकार शब्द नाही. अप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "ये मग."

सुट्टीनंतर मी अनुभवाचा दाखला आणायला गेले. प्रमुखांनी मान वर न करता तो टेबलावरून सरकवला. "जाताना वर्गाचं दार लावून जावा, अक्का. कुत्री शिरायलीत."

वर्गात नवा चार्ट होता. मधल्या लाल रेघेच्या दोन्ही अंगांना काळा, मग दोन्हीकडं पांढरा, पट्टे कमीजास्त रुंद, पण डावं-उजवं अगदी जोडीजोडीनं. मी सांगितलं होतं तस्संच. खाली तीच झोकदार सही.

मी जवळ गेले. लाल रेघेवर रंग वरपासून खालपर्यंत तडकला होता. कापड बरोबर मधोमध दुमडून परत सरळ केलेलं. माणसानं घडी घालून, खिडकीच्या उजेडात धरून बघितलं होतं.

मी दार उघडंच टाकून निघाले.