कोपऱ्यातल्या खोलीचा अर्धा तास

त्यांना सगळे पडदेवाल्या काकू म्हणत. मशीनवर बसून चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या खिडक्यांचे पडदे शिवले. माप घ्यायला गेल्या की टेप बाजूला ठेवून आधी त्या खिडकीतून बाहेर बघत उभ्या राहायच्या. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं. काकू मात्र सकाळी ऊन कुठून येतं, दुपारी कुठे सरकतं, ते मनात बघत असायच्या. त्यांच्या स्वतःच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची.

सहा वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्याचं काम त्यांना मिळालं. तिथल्या कोपऱ्यातल्या खोलीला दोन बाजूंनी खिडक्या होत्या, आणि खाली झाडांचे शेंडे. पडदे लावून झाल्यावर काकू तिथे जरा जास्तच रेंगाळल्या. वाऱ्याने पडदा फुगला की खोली हळूहळू श्वास घेतेय असं वाटे. तेव्हापासून ती खोली अधूनमधून त्यांच्या झोपेत येई. कधी तिच्यात पाणी असे, कधी नुसतं ऊन.

मशीनच्या पायडलने उजवा गुडघा खाल्ला तो खाल्लाच. डॉक्टरांनी वाटी बदलायला सांगितली. विम्याचे हप्ते चार वर्षं न चुकता भरलेले होते, तेव्हा काळजी नव्हती. भरती व्हायच्या दिवशी काकूंनी लेकीला, अगदी ओशाळून, सांगितलं की चार दिवस त्या कोपऱ्यातल्या खोलीत काढता आले तर बघ. लेक टपाल कचेरीत काउंटरला होती, आकड्यांना घाबरणारी नव्हती. विमा खोलीभाड्याचे दिवसाला तीन हजार देणार, खोली पाच हजारांची, म्हणजे चार दिवसांचे आठ हजार आपले. शिवाय साठीच्या पुढच्या माणसाला बिलाचा पाचवा हिस्सा स्वतः भरावा लागतो, तो धरून चाळीस हजार तिने बाजूला काढले होते. एवढ्यात बसेल, असा तिचा हिशेब.

हा हिशेब मुळात काकूंचा. गिऱ्हाइकाने भारी कापड घेतलं तर त्यांनी शिलाई कधी वाढवली नाही. कापडातला फरक द्या, शिलाई तीच, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. जगातला सगळा धंदा असाच चालत असणार, असं मायलेकी धरून चालल्या होत्या.

दुपारी काकूंना खोली दाखवली. कागद होईपर्यंत पडा म्हणून नर्स निघून गेली. पडद्यांचा रंग उतरला होता, पण चुण्या जागच्या जागी होत्या. काकू पलंगावर आडव्या झाल्या आणि डोळे मिटले न मिटले तोच झाडांचे शेंडे आत आल्यासारखे वाटू लागले.

खाली विम्याच्या टेबलावर एक चष्मेवाले गृहस्थ बसत. विमा कंपनीची आगाऊ मंजुरी मिळवायचं काम त्यांचं. लेकीने अर्जावर पाच हजारांची खोली लिहिली आणि वर, फरक आम्ही भरू सर, असंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कसला फरक?"

"खोलीचा. आठ हजार."

"बसा जरा," ते म्हणाले. "हा आकडा इथे रोज कुणीतरी सांगतं. मी एकदा तो फ्रेम करून लावणार आहे."

मग त्यांनी कोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. या हॉस्पिटलात खोली वरची घेतली की सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्यांचे दर वर चढतात. कोपऱ्यातल्या खोलीत भाडं धरून हे सगळं एक लाख वीस हजार होईल. विमा कंपनी म्हणणार, पाचातले तीन हजारच आमचे, मग या सगळ्यातलेही पाचातले तीनच हिस्से आमचे. म्हणजे बहात्तर हजार. अठ्ठेचाळीस तिथेच कापले. गुडघ्याची वाटी, औषधं, तपासण्या मिळून साठ हजार, त्यांना ही कात्री लागत नाही. बहात्तर आणि साठ, एक लाख बत्तीस. आता त्याचा पाचवा हिस्सा तुमचा, सव्वीस हजार चारशे. अठ्ठेचाळीस त्यात मिळवले की चौऱ्याहत्तर हजार चारशे.

लेकीने बेरीज स्वतः करून बघितली. बरोबर होती. तिने विचारलं, तीन हजारांची खोली घेतली तर. ती दोघांत एक होती, पहिल्या मजल्यावर. तिथे सगळे दर खालचे, एकूण एक लाख बावन्न हजार, कात्री नाही, नुसता पाचवा हिस्सा. तीस हजार चारशे. हातमोज्यांसारख्या किरकोळ वस्तू विमा देत नाही, त्यांचे थोडेफार वेगळे.

"नोंद अजून केलेली नाही," चष्मेवाले म्हणाले. "एकदा केली की मग माझ्या हातात काही नाही."

लेक वर आली. आईला काही सांगायचं नाही आणि उरलेले कचेरीतल्या पतपेढीतून उचलायचे, असं तिने जिन्यातच ठरवलं होतं. पण काकूंनी आयुष्यभर गिऱ्हाइकांचे चेहरे वाचलेले. कापड परवडत नाही हे माणूस बोलायच्या आधी त्यांना कळे.

"किती म्हणतायत?"

लेकीने कागद दिला. काकूंनी चष्मा लावला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत तो दोनदा वाचला.

"म्हणजे इथे कापडाबरोबर शिलाई वाढते."

"हो. आणि विमावाले वाढलेल्या शिलाईतही कापतात. पण आई, मी उचलते पैसे. तू कधी काही मागितलंयस का?"

"मागितलं म्हणून तर फसत होतो," काकू हसल्या. "चव्वेचाळीस हजार जास्त. चार दिवसांतले दोन मी गुंगीत असणार. गुंगीत कसली आलीय खिडकी, अगं? खालची घे."

लेकीचे डोळे भरून आले. काकूंनी तिकडे बघायचं टाळलं. कागदाची घडी घालत त्या म्हणाल्या, "त्यांना विचार, कागद बदलायला वेळ लागतो का."

लेकीने चष्मेवाल्यांना हा निरोप दिला, वरच्या खोलीचे पडदे आईनेच शिवलेत हेही सांगितलं, तेव्हा त्यांच्यासमोर कुणीच नव्हतं. अर्ज बदलणं दोन मिनिटांचं काम. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, फोन करून खोलीवर दुसरं कुणी येणार नाही ना याची खात्री करून घेतली, आणि लेकीला गंभीरपणे सांगितलं की अर्धा तास तरी लागेल, हल्ली मशीन फार सावकाश चालतं.

त्या अर्ध्या तासात काकू झोपल्या नाहीत. नुसत्या पडून राहिल्या. ऊन पलंगाच्या पायाशी होतं, ते चादरीवर चढलं, दुखऱ्या गुडघ्यावर येऊन थांबलं. कापूस ठेवावा इतकं हलकं होतं ते. पडदा आत आला, बाहेर गेला. काकूंना वाटलं, आपण शिवलेले सगळे पडदे एकदम कुठेतरी हलतायत, शेकडो घरांत, आणि प्रत्येकामागे कुणीतरी निवांत पडलंय. लेक पलंगाच्या कडेला बसली होती. तिचा हात हातात होता, पण कुणाचा कुठला ते कळत नव्हतं.

चष्मेवाले स्वतः अर्ज घेऊन वर आले. काकूंनी बसूनच सही केली, काठी मागितली आणि उठल्या.

"झाली का काकू विश्रांती?" त्यांनी विचारलं.

"झाली," काकू म्हणाल्या. "चला, दाखवा तुमची तीन हजारांची."

लिफ्टचं दार मिटेपर्यंत त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पाचव्या दिवशी बिल झालं तेव्हा लेकीने एकतीस हजार तीनशे भरले, नऊशे हातमोजे वगैरेंचे धरून. उरलेल्या पैशांत गुडघ्याच्या व्यायामाला घरी येणाऱ्या बाईंचे दोन महिने निघाले.