पॉइंट पंचेचाळीस

दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर बसणाऱ्या त्या बाईंना सगळे भिंगरी म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. खुर्चीवर त्या टेकत तेवढ्यापुरत्या. पेशंटचं नाव लिहून घेता घेता फाईल काढायला उठत, पंखा वाढवत, परत येऊन पंखा कमी करत.

शाळा सुटली तेव्हा त्या आठवी पास होत्या. पुढे लग्न, मुलगा, नोकरी. चाळिशीच्या अलीकडे त्यांनी बाहेरून दहावी दिली, मग बारावी, आणि आता संध्याकाळच्या कॉलेजात समाजशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला होत्या. मुलगा मात्र दहावीनंतर शाळेला रामराम ठोकून गॅरेजमध्ये लागला होता. त्या गोष्टीवरून घरात धुसफूस चालायचीच.

तशात कॉलेजातल्या मॅडमनी असाइनमेंट दिली. दोनशे चाळीस कुटुंबांची पाहणी, आणि तिच्यावरून काढलेला एक छोटासा रिग्रेशनचा तक्ता. आईचं शिक्षण किती वर्षं आणि मुलाचं किती वर्षं, यांचा संबंध त्यात मांडला होता. तक्त्यात मोजून दोन ओळी. पहिली स्थिरांकाची, ८.२. दुसरी आईच्या शिक्षणाची: कोएफिशिएंट, म्हणजे गुणक, ०.४५, त्याची प्रमाण त्रुटी ०.०६. खाली बारीक अक्षरांत आर स्क्वेअर ०.१९. ‘तक्ता वाचा आणि आपल्या शब्दांत अर्थ लिहा,’ एवढाच प्रश्न.

भिंगरीबाईंनी पुस्तक उघडलं. ‘आईचं शिक्षण एका वर्षाने वाढलं की मुलाचं सरासरी ०.४५ वर्षांनी वाढतं,’ असं वाक्य सापडलं आणि त्या जागच्या उठल्याच. आठवीपासून आतापर्यंत आपण सात वर्षं पुढे आलो. सात गुणिले पॉइंट पंचेचाळीस, म्हणजे तीन वर्षं आणि वर थोडं. मुलगा दहावी. दहा आणि तीन तेरा! म्हणजे बारावी तर होणारच, वर कॉलेजचं एक वर्षही.

“अहो, ऐकलंत का? आपला पोरगा तीन वर्षं शिकायचा राहिलाय,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा घरांना रंग देण्याचं काम करत असे. नखातला रंग काढत तो म्हणाला, “हे कोणी सांगितलं?”

“तक्त्याने.”

“मग तक्त्यालाच गॅरेजवर पाठव त्याला समजवायला.”

पण बाईंना आता दम निघेना. दुसऱ्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या तडक ज्युनिअर कॉलेजात गेल्या आणि सकाळच्या वर्गात अकरावीला मुलाचं नाव घालून आल्या. त्याला न विचारता.

संध्याकाळी तो हात धुवत असताना त्यांनी सांगितलं. तो वळला तेव्हा कोपरापर्यंत साबणाचा काळा फेस होता.

“माझं नाव? मला न विचारता?”

“तू शिकणार आहेस रे. पाहणी केलीय लोकांनी, दोनशे चाळीस घरांची...”

“त्या घरांत मी होतो का?” तो म्हणाला. “आई, तू शीक ना. मी कधी नको म्हणालो? पण तुझ्या शिकण्याची वसुली माझ्याकडून करू नकोस.” आणि तो न जेवता शेजारच्या मित्राकडे निघून गेला.

बाईंनी भांडी घासली, मग घासलेलीच परत घासली.

शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधीच त्या मॅडमच्या टेबलाशी उभ्या होत्या. मॅडम वयाने त्यांच्यापेक्षा बरीच लहान, पण बाई त्यांना अहो-जाहोच करत.

“मॅडम, हा तक्ता खोटा आहे. आर स्क्वेअर पॉइंट एकोणीस. म्हणजे शंभरात एकोणीसच खरा. मग शिकवता कशाला?”

मॅडमनी खुर्ची पुढे केली. “बसा तर आधी.”

बाई बसल्या, लगेच उठल्या, पुन्हा बसल्या.

“आर स्क्वेअर म्हणजे खऱ्या-खोट्याचे मार्क नव्हेत,” मॅडम म्हणाल्या. “सगळी मुलं काही सारखी शिकलेली नाहीत. कोणी सातवी, कोणी पदवीधर. हा जो फरक मुलामुलांत दिसतो, त्यातला एकोणीस टक्के फरक आईच्या शिक्षणाशी जोडून दाखवता येतो. उरलेला एक्याऐंशी टक्के या तक्त्याच्या हातात नाही. घरची परिस्थिती, शाळा, आवड, काहीही असेल.”

“मग पॉइंट पंचेचाळीसचं काय? तो तर आकडा पक्का आहे ना?”

“बऱ्यापैकी पक्का. त्रुटी त्याच्या मानाने लहान आहे, म्हणजे संबंध निव्वळ योगायोगाने दिसतोय असं वाटत नाही. पण तो कोणाची तुलना करतोय?” मॅडमनी फळ्यावर आईच्या शिक्षणाची एक आडवी आणि मुलाच्या शिक्षणाची एक उभी रेघ ओढली आणि भराभर ठिपके मारले, खालून वर चढत जाणारे पण चांगलेच विखुरलेले. मधून एक तिरपी रेघ काढली. “आठवी शिकलेल्या आया इथे. आठ गुणिले पॉइंट पंचेचाळीस, तीन पूर्णांक सहा. त्यात आठ पूर्णांक दोन मिळवा.”

“अकरा पूर्णांक आठ,” बाई म्हणाल्या. हिशोबाला त्या कधी मागे नव्हत्या.

“ही त्यांच्या मुलांची अंदाजे सरासरी. आता ठिपके बघा. त्याच आठवर एक मूल सातवी, एक पंधरावी. रेघेवर नेमकं बसलेलं शोधावं लागतं. आणि ही तुलना वेगवेगळ्या आयांची आहे. एकच आई पुढे शिकली तर तिच्या मुलाचं काय होईल, हे कोणी पाहिलेलंच नाही. आईच्या शिक्षणानेच मुलाचं वाढलं, असंही यावरून म्हणता येत नाही. दोघांच्याही मागे तिसरंच काही असू शकतं.”

बाई फळ्याजवळ गेल्या. आठच्या आकड्यावर, दहाच्या उंचीला एक ठिपका होता, रेघेच्या थोडा खाली. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि खडू बोटाला लागला.

“हा चुकला का मॅडम?”

“ठिपका कसा चुकेल? तो आहे तिथे आहे. अंदाज रेघेचा आहे.”

बाई वर्गाला थांबल्या नाहीत. बसस्टॉपवर उभं राहवेना म्हणून त्या चालतच निघाल्या आणि गॅरेजवर पोचल्या. मुलगा एका गाडीखाली आडवा होता, नुसते पाय दिसत होते.

“मी नाव काढून टाकते,” त्या पायांशी बोलल्या. “तुला न विचारता घालायला नको होतं. तक्ता मी चुकीचा वाचला.”

पाय हलायचे थांबले. मग तो सरकत बाहेर आला. गालावर ग्रीसचा पट्टा.

“म्हणजे तक्त्यात काय होतं?”

त्यांनी सांगितलं. तिथेच, पायाखालच्या धुळीत बोटाने ठिपके काढून. तो उकिडवा बसून ऐकत होता. मालकाने दोनदा हाक मारली तरी उठला नाही.

“म्हणजे माझं काय होणार ते त्याला माहीतच नाही,” तो म्हणाला.

“तुझं एकट्याचं काय होईल ते त्याला माहीत नाही. मलाही नाही.” एवढं म्हणायला त्यांना जड गेलं.

“मग मलाही अजून ठरवायचंय,” तो म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली सरकला.

सोमवारी त्यांनी नाव काढून घेतलं. असाइनमेंट तीनदा लिहिली. मॅडमनी मार्क बरे दिले, पण ‘आईचं शिक्षण हे कारण’ असं एका जागी अजून राहिलं होतं, त्याला लाल गोल. मुलगा पुढे शिकेल की नाही ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई आता विचारत नसत. विचारायचं ओठांवर येई तेव्हा त्या उठून गॅलरीतले कपडे उलटेपालटे करत, वाळलेले असले तरी.