दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये

लिफ्ट दुरुस्तीच्या कामात मला अठरा वर्षं झाली. जळगावात राहतो, पण काम धुळ्यापर्यंत असतं. अडकलेल्या लोकांचे फोन येतात तेव्हा मी ठरलेलं बोलतो, "घाबरू नका, लिफ्ट पडत नाही, दार उघडू नका, माणूस निघालाय." मग विचारतो, "समजलं ना?" पलीकडून "हो" येतं आणि मी फोन ठेवतो. त्या दुपारपर्यंत मी स्वतः कधी अडकलो नव्हतो.

धुळ्यात एका दवाखान्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर माझी मावशी दाखल होती. तिला भेटायला चाललो होतो. लिफ्ट आठ माणसांची, जुनी, लोखंडी जाळीच्या दाराची. तिची देखभाल दुसरी कंपनी करायची. माझ्यासोबत दोघं होते. शिंदखेड्याकडच्या एक आक्का, साठी ओलांडलेल्या, आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या. आणि त्यांचा मुलगा, तिशीचा, मालवाहू गाडी चालवणारा. आक्कांच्या गुडघ्याचा एक्सरे डॉक्टरांना दाखवायला ते निघाले होते.

दुसरा मजला गेला आणि लाइट गेली. लिफ्टचा डबा जागच्या जागी थांबला. अशा वेळी बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्याला यायला हवी. ती आली नाही, म्हणजे बॅटरी मेलेली होती. मोबाइलच्या उजेडात मी पाटीवरचा नंबर लावला. मेकॅनिक नरडाण्याच्या एका कारखान्यात होता.

"पाऊण तास धरा," तो म्हणाला.

मुलाने तोवर जाळी सरकवली होती. समोर भिंत, आणि पायांपाशी दुसऱ्या मजल्याच्या दाराचा वरचा भाग. म्हणजे आमची फरशी त्या मजल्यापेक्षा चारेक फूट वर. दारापलीकडे वॉचमन आला होता आणि त्याच्याकडे चावी होती.

"उघडू का?" त्याने विचारलं.

"नको," मी ओरडलो. मग त्या दोघांना सांगितलं, "मी लिफ्टचंच काम करतो. हिला आपोआप लागणारा ब्रेक आहे, वर गव्हर्नर आहे, वेग वाढला तर खाली सेफ्टी गिअर रुळांना पकडतो. समजलं ना?"

"हो हो," मुलगा म्हणाला. आक्कांनीही मान हलवली.

पुढच्याच क्षणी तो खाली बसला आणि बंद दाराला पाय टेकवून वॉचमनला म्हणाला, "उघड रे. चार फूट तर आहे."

मी त्याचा दंड धरला. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी काही बोललोच नव्हतो. खरं तर नव्हतोच बोललो. नुसती नावं घेतली होती.

डबा चार बाय चारचा. वर जाळीच्या पट्ट्या होत्या, हवा येत होती, हे मला ठाऊक होतं, तरी छाती भरून श्वास येईना. मी सोपं करून सांगायला गेलो.

"आक्का, विहिरीवर कप्पी असते ना? दोराला बादली. तसाच हा डबा."

आक्कांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. "आमनी विहीरना दोर तुटना व्हता," त्या हळूच म्हणाल्या. "बादली अजून खाले शे."

उदाहरण देऊन मी त्यांची भीती वाढवली होती. त्यांच्या एक्सरेच्या पिशवीचं तोंड कपडे वाळत घालायच्या चिमट्याने बंद केलेलं होतं. तो मी काढून त्यांच्या हातात दिला.

"दाबा. काय झालं?"

"उघडना."

"आता बोटं सोडा."

"मिटी जास."

"लिफ्टचा ब्रेक असाच आहे. मोटरच्या चाकाला तो चिमटा धरून बसतो. वीज म्हणजे तुमची बोटं. वीज असते तेव्हा ती त्याला उघडा धरते, म्हणून लिफ्ट चालते. आता लाइट गेली. मग?"

आक्कांनी बोटं उचलली आणि मिटलेला चिमटा माझ्यापुढे धरला. "धरी बसना," त्या म्हणाल्या.

"आणि दोर एक नाही, चार आहेत, लोखंडी. एकेक दोर एकटा डबा पेलेल एवढा जाड."

त्यांचा एक हात कठड्यावरून सुटला. मी मुलाकडे वळलो. "भाऊ, समजलं असं म्हणू नका. तुमच्या शब्दांत सांगा."

"लाइट आली की ब्रेक लागतो," तो म्हणाला.

बरोबर उलटं. आणि ज्याला असं वाटतंय त्याला लाइट नसताना हा डबा मोकळा लटकलेलाच वाटणार. मी चिमटा त्याच्या हातात दिला. त्याने तो दाबला, सोडला, पुन्हा दाबला. नजर मात्र दाराच्या फटीवरच होती. तेव्हा मला कळलं, तो ऐकतच नव्हता.

"माझाही शर्ट भिजलाय," मी म्हणालो. "अठरा वर्षं लोकांना बाहेर काढतोय, आत पहिल्यांदाच आहे."

त्याने चिमटा आक्कांकडे परत दिला. मग म्हणाला, "मला बंद जागेत नाही बसवत. गाडीची काच मी थंडीतही उघडी ठेवतो."

"मग उडी का नको, तेवढं ऐका. विहिरीच्या काठावर विहिरीकडे पाठ करून उभं राहिल्यासारखं आहे हे. तुम्ही खाली उतरलात की तुमच्या पाठीशी काय असेल?"

तो वाकला. डबा आणि दार यांच्यामधल्या फटीत मोबाइलचा उजेड टाकला. डब्याखाली काळोख होता.

"खड्डा," तो म्हणाला. "तळापर्यंत. पाय मागे घसरला तर लिफ्टच्या खालून आत."

या वेळी मी "बरोबर" म्हणालो. त्याने पाय आत घेतले आणि जाळी स्वतः ओढून लावली. ती लावताना त्याला किती जड गेलं, ते दिसत होतं.

लाइट आलीच नाही. आम्ही फरशीवर बसून राहिलो. उकाडा वाढत होता. मी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. आक्का गुडघा चोळत मेथीच्या जुड्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या, आम्ही दोघं हुं हुं करत होतो.

मेकॅनिकचा फोन आला. तो गच्चीवरच्या मशीनपाशी पोचला होता आणि ब्रेक हाताने थोडा थोडा सैल करणार होता. डबा हलला की मुलगा दचकणार, हे मी ओळखलं.

"आक्का, तुमच्या तराजूत एका पारड्यात हा डबा आणि आपण. दुसऱ्या पारड्यात लोखंडाचं वजन, रिकाम्या डब्याएवढं आणि वर साधारण चार माणसांचं. आपण तिघं. चिमटा सुटला तर आपलं पारडं कुठं जाईल?"

त्यांना विचार करावा लागला नाही. "आपन हलका शेतस. मंग वर जाऊत."

डबा हलला, थांबला, पुन्हा हलला. वर चालला होता. मुलाने डोळे मिटले होते. तिसऱ्या मजल्याचं दार उघडलं तसा तो धावत खिडकीपाशी गेला आणि गजांना धरून उभा राहिला. आक्का लंगडत बाहेर आल्या, मला म्हणाल्या, "आते परत जिन्यानीच जाऊत."

मावशीकडे मीही जिन्याने गेलो.

दुसऱ्या दिवशी जळगावात एका इमारतीत काम होतं. लिफ्ट माझ्याच देखभालीतली, ब्रेक मी स्वतः बसवलेला. दारात उभा राहिलो आणि पाय उचलेना. ब्रेक कसा धरतो हे मला पूर्ण ठाऊक होतं, कुणी विचारलं असतं तर न चुकता सांगितलं असतं. तरी चार दिवस मी जिन्याने गच्ची गाठली आणि ग्राहकांना म्हणालो, व्यायाम होतो. पाचव्या दिवशी आत शिरलो. दार मिटलं तेव्हा एक हात कठड्यावर होता.